चंपाषष्ठीचे भरीत

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस खंडोबाचा घट बसतो. षष्ठीपर्यंत नंदादीप तेवत ठेवावयाचा व घरातील एकाने तरी उपवास धरावयाचा, असा परिपाठ आहे. कित्येक घरी आषाढापासून वर्ज्य असलेले कांदा-वांगे षष्ठीच्या नैवेद्यातच परत येते. पावसाळ्यात किडणारे वांगे थंडीत भरते, म्हणून हा निर्बंध जाचत नाही. जळगावकडे हिरवट, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून ठेचतात आणि ते भरीत बाजरीच्या रोडग्यासह देवास दाखवितात. मग ताम्हनात पाने, सुपारी, खोबरे व भंडारा, म्हणजे हळदीची पूड, ठेवून पाच जण ‘येळकोट’च्या गजरात तळी उचलतात. कुत्र्यास घास दिल्यावरच पंगत बसते.