ज्येष्ठता यादीतून नाव गेल्यावर

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला विषय दिला तो असा: "काका, तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बँक सोडून ऑडिटच्या कामात शिरलात, त्याबद्दल बोला. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतली बरीच मंडळी सध्या त्याच विचारात आहेत." मी बोलतो, पण उपदेश करणार नाही. त्या वेळी घरात जे प्रश्न निघाले आणि जो हिशेब मांडला, तोच सांगतो.

आपली सोसायटी नोंदली गेली त्याच सुमारास, म्हणजे २००० साली, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्यांना अर्ज करता येत होता. देशभरात सुमारे एक लाख लोक त्या योजनेत बाहेर पडले. मी १९७४ साली क्लार्क म्हणून लागलो होतो, पुढे ऑफिसर झालो. सव्वीस वर्षं पूर्ण झाली होती आणि साठीला बारा वर्षं बाकी होती.

जायचं तर पुढे काय करायचं, हे माझ्या मनात ठरलं होतं. सहकार खात्याची एक परीक्षा असते, सहकार व लेखा पदविका. आपण तिला जी.डी.सी. अँड ए. म्हणतो. पदवीधराला देता येते. ती पास झालं आणि अनुभव घेतला की सहकारी संस्थांचं, म्हणजे आपल्यासारख्या सोसायट्यांचं, पतसंस्थांचं ऑडिट करता येतं. आकड्यांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे हे जमेल असं वाटत होतं.

घरात मात्र तीन पिढ्यांचे तीन प्रश्न होते. आई म्हणाली, "अरे, बँकेतला साहेब म्हणून चार लोक ओळखतात. आता पिशवी घेऊन लोकांच्या वह्या तपासायला जाणार?" मुलगी अकरावीत होती. तिने विचारलं, "बाबा, फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहू?" सौ.चा प्रश्न सगळ्यांत साधा होता आणि सगळ्यांत अवघडही. "अहो, सगळं खरं, पण पाच वर्षांनी घर कशावर चालेल ते मला कागदावर दाखवा."

माझी स्वतःची भीती निराळी होती, ती मी बोलून दाखवत नव्हतो. बँकेत दरवर्षी ज्येष्ठता यादी निघते. आपल्या वर किती, खाली किती, हे माणूस पाठ करून ठेवतो. माझ्या वरची बरीच नावं निवृत्त होत आली होती आणि पुढच्या बढतीत माझा नंबर लागण्याजोगा होता. ती यादी सोडायची म्हणजे सव्वीस वर्षांची रांग सोडून दुसऱ्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं.

असो. आधी सौ.च्या कागदाबद्दल सांगतो.

योजनेत सानुग्रह रक्कम अशी होती: नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकी जी कमी असेल ती. माझे सव्वीस वर्षांचे, वर्षाला दोन महिने धरून, बावन्न महिने होत होते. उरलेली नोकरी एकशे चव्वेचाळीस महिन्यांची होती. म्हणजे मिळणार बावन्न महिन्यांचं आणि सोडायचं एकशे चव्वेचाळीस महिन्यांचं. पुष्कळांचं लक्ष एकरकमी आकड्याकडे गेलं. सौ.ने मात्र हे दोन आकडे शेजारी लिहायला लावले.

मूळ पगार आणि महागाई मिळून मला १८ हजार होते, म्हणजे ९ लाख ३६ हजार रुपये. त्यातल्या पाच लाखांपर्यंत आयकर नव्हता. वरच्या रकमेवरचा कर गेला की हातात साधारण ८ लाख राहत होते. पेन्शन पूर्ण मिळायला तेहतीस वर्षं लागतात. माझी सव्वीस, म्हणून तेहतिसातले सव्वीस भाग, शेकडा एकोणऐंशीच्या आसपास. ही कपात जन्मभराची असते. पेन्शनचा कुठलाही भाग न विकता महिन्याला साडेसहा हजार धरले. ग्रॅच्युइटी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढली. ती या हिशेबात आणलीच नाही.

तेव्हा मुदत ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. आठ लाखांचे वर्षाला ऐंशी हजार, महिन्याला ६,६६७. पेन्शन धरून १३ हजारांवर गेलं. घरखर्च ११ हजार. म्हणजे भागत होतं. मी कागद खाली ठेवला तर सौ. म्हणाली, "व्याज असंच राहणार आहे का?" मग सहा टक्के धरून पुन्हा मांडलं. महिन्याचे ४ हजार व्याज, एकूण साडेदहा हजार, म्हणजे दरमहा पाचशेची तूट. महागाई वाढेल ती वेगळीच. त्या एका ओळीमुळे नव्या कामाने किती कमवायला हवं हे ठरलं. पुढे २००३-०४ पर्यंत ठेवींचे दर खरोखरच साडेपाच-सहा टक्क्यांवर आले. दहा टक्के कायमचे धरून बसलेल्यांची तेव्हा फार ओढाताण झाली.

त्या कागदाखाली आम्ही तीन अटी लिहिल्या. आठ लाखांच्या मुद्दलाला हात लावायचा नाही. मार्च २००३ पर्यंत नव्या कामातून सरासरी महिना ३ हजार आले नाहीत, तर मिळेल ती हिशेबनीसाची नोकरी धरायची. आणि बँकेत काय होतो, हे घरात बोलून दाखवायचं नाही! तिसरी अट सौ.ची. ती पाळणं सगळ्यांत कठीण गेलं. यानंतर घरातल्या शंका संपल्या असं नाही, पण रोजचा वाद संपला. शंका आली की कागद काढायचा.

मार्च २००१ अखेर मी मोकळा झालो आणि ठाण्यातल्या एका प्रमाणित लेखापरीक्षकांकडे साहाय्यक म्हणून जाऊ लागलो. ते बत्तीस वर्षांचे, मी एकोणपन्नाशीकडे झुकलेला. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका म्हणायचे. महिना दीड हजार ठरले. परीक्षा मे महिन्यात असते, तीन दिवसांत सहा पेपर. मी २००२ च्या मे महिन्यात बसलो. जमाखर्चाच्या पेपरची काळजी नव्हती. सहकार कायदा, नियम आणि उपविधी मात्र सगळं कोरं होतं.

ज्येष्ठतेचं खरं काय होतं, ते मला एका कामात कळलं. चाळीस सदनिकांची एक सोसायटी होती. ताळेबंद दोन्हीकडे पैशाला पैसा जुळलेला. देण्याच्या बाजूला सिंकिंग फंड ४ लाख २० हजार. बँकेच्या सवयीने मी म्हटलं, ठेवींच्या मूळ पावत्या दाखवा. पावत्या निघाल्या २ लाख ६० हजारांच्या. उरलेले १ लाख ६० हजार बचत खात्यातही नव्हते. शोध घेतला तर कुणी खाल्ले नव्हते. दोन वर्षं मेंटेनन्स थकला होता आणि पाण्याचं बिल, वॉचमनचा पगार, लिफ्टची दुरुस्ती यांत ते हळूहळू गेले होते. निधीचा आकडा कागदावर वाढत होता, पैसा मात्र खर्चून गेला होता.

ताळेबंद जुळला म्हणजे पैसे आहेत असं नव्हे, हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पण पुढे काय लिहायचं, ते मला माहीत नव्हतं. ते सरांनी सांगितलं. सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. तो वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, वास्तुविशारदाचा दाखला लागतो. चालू खर्चाला तो वापरता येत नाही. ही त्रुटी अहवालात कशी मांडायची आणि समितीने दोषदुरुस्तीत काय कळवायचं, हेही त्यांनीच दाखवलं. खड्डा माझ्या नजरेला दिसला, पण त्याला नाव त्यांनी दिलं. सव्वीस वर्षं फुकट गेली नव्हती आणि ती पुरेशीही नव्हती.

आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. बँकेत कागद मागितला की शिपाई आणून देतो. इथे खजिनदार स्वतः नोकरी करून रात्री आठला घरी येतो आणि व्हाउचर प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. तो मानधनाशिवाय काम करतो. त्याला मेमो देऊन चालत नाही. चहा घेत, त्याच्या शेजारी बसून व्हाउचर तारखेप्रमाणे लावावे लागतात. वयाचा उपयोग झाला तो इथे. पंचविशीतल्या पोराला जे सांगायला खजिनदार कचरला असता, ते तो मला मोकळेपणी सांगायचा.

परीक्षा पास झालो. पॅनेलवर नाव लागून स्वतः सही करायला आणखी काळ गेला, तोवर सरांकडेच काम केलं. मार्च २००३ ला आमचा कागद पुन्हा उघडला. वर्षाची सरासरी महिना ३,२०० निघाली. अट जेमतेम पाळली गेली. पगार आणि ही कमाई यांतला फरकही तेव्हा नीट कळला. ऑडिटचं काम एप्रिल ते जुलै अंगावर येतं, दिवाळीनंतर महिनेच्या महिने रिकामे जातात. फीही सोसायट्या सावकाश देतात. म्हणून सौ.ने वेगळं खातं उघडलं. फी आली की त्यात जायची आणि घरात दरमहा ठरावीक रक्कम यायची. पहिली तारीख तिने अशी परत आणली.

आता या हिशेबाची मर्यादाही सांगतो. माझ्यामागे पेन्शन होती, घरावर कर्ज नव्हतं आणि नवं काम जुन्या कामाच्या शेजारचंच होतं. आज खासगी नोकरीतल्या पंचेचाळिशीच्या माणसाला पेन्शन नसते, बहुधा घराचे हप्तेही असतात. त्याने माझी गोष्ट जशीच्या तशी उचलू नये. पण कागद उचलायला हरकत नाही. मिळणार काय आणि सुटणार काय ते शेजारी लिहायचं, व्याज आजच्यापेक्षा कमी धरायचं आणि माघारीची तारीख आधीच ठरवायची. आणि तो कागद घरातल्या शंका घेणाऱ्या माणसासमोर बसून करायचा. आमच्याकडची सहा टक्क्यांची ओळ शंकेतूनच आली होती.

आईचं समाधान उशिरा झालं. तिच्या भिशीतल्या एका बाईंच्या सोसायटीचं ऑडिट माझ्याकडे होतं. "तुमचा मुलगा फार बारकाईने बघतो," असं त्या म्हणाल्या, तेव्हा तिने विषय सोडला. मुलीने फॉर्मवर "लेखापरीक्षक" लिहिलं. त्याचं स्पेलिंग मात्र मलाच विचारलं.

सत्तरी झाल्यावर मी ही कामं थांबवली. आपल्या सोसायटीचं ऑडिट मी कधी केलं नाही. स्वतः सभासद असलेल्या संस्थेचं ते करूच नये. पण आपल्या खजिनदारांना एवढं सांगेन, की सिंकिंग फंडाच्या पावत्या या वर्षीही ताळेबंदाशेजारी ठेवून बघा.