तान्ह्या बाळासोबत रात्रीचा प्रवास



पहिलं बाळंतपण माहेरी आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ घेऊन सासरी, ही आपल्याकडची रीत. युसूफ वडगावची लेक पुण्याला दिली असेल तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक केजहून एसटीची, दुसरी लातूरला जाऊन रात्रीची मुंबई एक्सप्रेस धरायची. ती गाडी पहाटे पुण्यात पोहोचते. तीन महिन्यांचं बाळ असेल तर मी रेल्वेच सांगेन, कारण तिथे बाळाला सपाट, उताणं निजवता येतं.

बसमध्ये बाळ तासन्‌तास मांडीवर असतं. आईला डुलकी लागली की हात सैल पडतो, बाळ घसरतं आणि त्याची हनुवटी छातीला टेकते. मान अजून धरत नसल्यामुळे ते स्वतःहून डोकं उचलू शकत नाही. श्वासाची वाट दबते आणि रडण्याचा आवाजही येत नाही. म्हणून बसने जावंच लागलं, तर हनुवटी आणि छाती यांमध्ये दोन बोटं मावताहेत ना, हे वरचेवर पाहा. पाजताना घेतलेला पदर पाजून झाल्याबरोबर तोंडावरून काढा. जागा दोन्ही चाकांच्या मधली धरा, तिथे हिसके कमी बसतात.

रेल्वेचं तिकीट काढताना सोबत आजी असेल तर तिचं वय नीट लिहा. पंचेचाळीस वर्षांपुढच्या बाईला, शिल्लक असेल तर, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. त्याच्या वरचा मधला बर्थही आपलाच असेल तर तो उघडू नका. तो उघडला की खाली ताठ बसता येत नाही. बाळाला खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला निजवा, तोंडाजवळ उशी, गोधडी, पिशवी काही ठेवू नका आणि कडेला एकीने जागं बसा. आई आणि आजीने पाळ्या लावाव्यात. बाळाला कुशीत घेऊन त्या अरुंद बर्थवर दोघींपैकी कुणीही झोपू नये. दमलेल्या माणसाचा हात बाळाच्या तोंडावर कधी पडला, ते कळत नाही. दोन बर्थांच्या मध्ये साडीची झोळीही बांधू नका. गाठ सुटते, आणि झोळीत बाळाची मान पुन्हा वाकतेच.

गार लागेल म्हणून टोपी, स्वेटर, वर शाल असं गुंडाळलेलं बाळ डब्यात उकडून निघतं. मानेमागे हात घालून पाहा. घाम लागला तर एक कपडा कमी करा, टोपी आधी.

आता दुधाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध. उन्हाळ्यातसुद्धा वरून पाणी लागत नाही, आईने मात्र भरपूर पाणी प्यावं. निघण्याआधी पाजा, पुढे बाळ मागेल तेव्हा, साधारण दोन-तीन तासांनी. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे का, हे विचारायला लाजू नका. पाजल्यावर खांद्याशी उभं धरून ढेकर काढा आणि मगच निजवा.

डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं असेल तर ते घरून कालवून नेऊ नका. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये कडकडीत न्या, पावडर मोजून कोरड्या डबीत. पाणी चांगलं गरम असतानाच दूध कालवा, मनगटाच्या आत थेंब टाकून कोमट झालं की पाजा. उरलेलं ओतून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो नीट घासता येतो.

लंगोट बदलण्यासाठी एक प्लास्टिकचा तुकडा वेगळा ठेवा आणि तो खाण्याच्या पिशवीत घालू नका. शी पुसल्यावर हात साबणानेच धुवा, नुसत्या सॅनिटायझरने मळ जात नाही. मुलीला पुढून मागे पुसायचं. डायपर गाडीच्या संडासात टाकला तर तो तुंबतो, पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका.

बाळ गाडीत शांत राहावं म्हणून काही घरांत अफूचं बोट चाटवतात किंवा सर्दीचं औषध पाजतात. हे अजिबात करू नका. त्याने झोप लागते, तसा श्वासही मंदावतो.

बाळाने सहा तास लघवी केली नाही, टाळू आत गेली, किंवा ते पाजायलाही जागं होईना, तर पुण्याची वाट पाहू नका. रेल्वेत १३९ ला फोन करा, टीसीला सांगा. एसटीत कंडक्टरला सांगून वाटेतल्या दवाखान्याजवळ उतरा.

आणि एक विनंती मुकादमांना. दिवाळीच्या सुमाराला केज, धारूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सामानावर बसून निघतात. त्यात तान्हं बाळ असलेली बाई असेल, तर तिचं एसटीचं भाडं उचलीतून कापून न घेता तुम्ही द्या आणि तिला घरच्या एका माणसासोबत बसने पुढे पाठवा.