सारंगीची ओळख
(वर्धापनदिनानिमित्त आयोजित सांस्कृतिक संध्येत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले प्रास्ताविक)



आजच्या कलाकारांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पुरस्कारांची आणि परदेश दौऱ्यांची यादी वाचून दाखविण्याची माझी तयारी होती. परंतु पंडितजींनी दूरध्वनीवर स्पष्ट सांगितले, ''माझ्याबद्दल दोन वाक्ये बोला आणि उरलेला वेळ माझ्या वाद्याला द्या.'' मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगीताची परिभाषा मला येत नाही आणि ती येथे उपयोगीही पडणार नाही. सामान्य श्रोत्याने काय ऐकावे, एवढेच सांगतो.

कार्यक्रम ठरत असताना आमच्या समितीत एक शंका निघाली होती, ती प्रथम सांगतो. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ''रुग्णालयाच्या आनंदसोहळ्यात सारंगी? लोकांना वाटेल, कोण गेले?'' ही शंका अनाठायी नव्हती. राष्ट्रीय दुखवट्याच्या काळात आकाशवाणीवर तासन्‌तास सारंगी ऐकलेली पिढी आज या सभागृहात बसलेली आहे. तिच्या मनात या वाद्याशी मृत्यूची वार्ता जोडली गेली. पण त्याच काळातील चित्रपटसंगीत आठवून पाहा. ओ. पी. नय्यर यांनी आनंदी, खट्याळ गाण्यांमध्ये सारंगी कितीतरी वेळा वापरली. म्हणजे दुःख वाद्यात नव्हते, आपण ते फक्त दुःखाच्या दिवशी लक्ष देऊन ऐकत होतो. समितीने हे मान्य केले आणि पंडितजींना निमंत्रण गेले.

आता वाद्याकडे पाहू. सुमारे दोन फूट लांबीचा लाकडाचा एकच ठोकळा कोरून सारंगी तयार होते. पोटाच्या भागावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवितात. समोर तीन जाड तारा दिसतात. या धातूच्या नसून आतड्याच्या असतात, त्यांना तात म्हणतात. त्यांच्याच खाली पस्तीस-छत्तीस बारीक धातूच्या तारा असतात. त्यांना कोणी स्पर्श करीत नाही. उजव्या हातातील गज तातीवरून फिरला आणि सूर अचूक लागला, की त्याच सुराची खालची तार आपोआप थरथरते. गज उचलल्यानंतरही मागे जो मंद झंकार राहतो, तो या तारांचा. सूर किंचित जरी ढळला, तरी हा झंकार उठत नाही, आवाज कोरडा राहतो. कलाकार सुरात आहे की नाही, हे ओळखण्याची ही साधी खूण आपल्यालाही वापरता येईल. वाजवणे थांबते त्या क्षणी कान द्यावा.

डावा हात आणखी विलक्षण आहे. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला बोटाखाली लाकडी पट्टी असते. सारंगीवादकाच्या बोटाखाली काहीही नसते. बोटाचा गरही तो वापरीत नाही. नखाच्या मुळाशी जेथे नख आणि त्वचा मिळतात, तो भाग तातीला बाजूने टेकवून तो सरकवितो. ताती हवेतच असते. सूर कोठे आहे, हे दाखविणारी एकही खूण वाद्यावर नाही, ते केवळ कानाने ठरते. बोटे सहज सरकावीत म्हणून अधूनमधून त्यांना पावडर लावतात, तसे आज दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नये. अनेक वर्षांच्या रियाजाने नखांवर खाचा पडतात. आमच्या शल्यचिकित्सकांनी कार्यक्रमानंतर पंडितजींची नखे अवश्य पाहावीत.

याचा लाभ असा, की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारावी लागत नाही. पेटीवर दोन सुरांच्या मधली जागा रिकामी असते. येथे मधली सर्व वाट ऐकू येते. माणसाचा आवाजही असाच सरकतो, म्हणूनच गायकाच्या साथीला सारंगी शतकानुशतके बसली. पुढे पेटी आली. तिला लावत बसावे लागत नाही आणि ती शिकायलाही सोपी, त्यामुळे साथीची जागा तिने घेतली. हा हिशेब माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला चटकन समजतो, पण त्यात काय गेले तेही आज ऐकू येईल.

साथीतून बाहेर पडून एकट्याने मैफल करण्याचा मार्ग पंडित राम नारायण यांनी रुंद केला. १९५४ मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी एकल वादनाचा पहिला प्रयत्न केला. नामवंत कलाकारांची वाट पाहणाऱ्या अधीर श्रोत्यांनी त्यांना सुमारे दहा मिनिटांत व्यासपीठावरून उतरविले. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, मुंबईतच त्यांचे एकल वादन लोकांनी आवडीने ऐकले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०२४ मध्ये ते निवर्तले.

अधीरतेवरून आठवले. थोड्याच वेळात पंडितजी खुंट्या पिळत बसतील आणि पाच-दहा मिनिटे काहीच सुरू झाले नाही, असे वाटेल. कृपया त्या वेळात चहाला जाऊ नये. आज ते मारवा वाजविणार आहेत. राग बदलला की खालच्या तारांपैकी कित्येक नव्याने लावाव्या लागतात, कारण या रागात जे सूर नाहीत ते त्या तारांनीही बोलता कामा नयेत. त्यातच दमट हवेत कातडे सैल पडते, त्यावरची घोडी किंचित खाली बसते आणि सर्व तारा एकदम उतरतात. त्यासाठीच आज व्यासपीठावरील पंखे आणि वातानुकूलन यंत्र दुपारपासून एकाच मापावर ठेवले आहे. कोणी ते बदलू नये, ही विनंती.

मारवा हा सूर्यास्ताचा राग. प्रत्येक रागात एक सूर घरासारखा असतो, तंबोरा तो सतत सांगत राहतो. मारव्यात कलाकार या घरापासून मुद्दाम दूर राहतो. एक पायरी वर, दोन पायऱ्या खाली, असा तो दाराभोवती घुटमळतो आणि आत पाऊल टाकीत नाही. ऐकणाऱ्याला हुरहूर वाटते ती त्यामुळे. बऱ्याच वेळाने सारंगी त्या मूळ सुरावर येऊन थांबेल, तेव्हा सभागृहातील श्वास सैल झालेला आपल्यालाच जाणवेल. हा पहिला भाग तबल्याशिवाय, अगदी संथ असेल.

नंतर तबला येईल. सोळा मात्रांचे आवर्तन असेल. मोजता मोजता चुकलात, तर डग्ग्याकडे कान द्यावा. त्याचा भरदार घुमारा दहाव्या मात्रेवर थांबतो आणि चौदाव्यावर परततो. तो परतला की चौदा, पंधरा, सोळा मोजायचे, पुढची मात्रा पहिली. तेथे सारंगी आणि तबला एकत्र येतील. टाळी द्यायची तर तेथे, मध्येच नव्हे.

भ्रमणध्वनी बंद ठेवावेत. अतिदक्षता विभागात ज्यांची नेमणूक आहे, त्यांनी यंत्र निःशब्द ठेवून दाराजवळच्या खुर्च्यांवर बसावे. पंडितजींनी आणि त्यांच्या तबलासाथीदारांनी आता व्यासपीठावर यावे, अशी मी त्यांना विनंती करतो.