पेठपासून अंतर किती?

श्रोतेहो, नाशिकहून पेठला एस.टी.ने जायचं म्हटलं, की घाट चढत-उतरत पन्नास किलोमीटरांहून जास्त वाट कापावी लागते. ही झाली रस्त्याची लांबी. पण रस्ता सोडून दिला, डोंगर-दऱ्या विसरल्या आणि दोन गावांचे फक्त अक्षांश-रेखांश हाताशी ठेवले, तर त्या चार आकड्यांवरून सरळ अंतर काढता येईल का? येईल. त्यासाठी साइन आणि कोसाइन यांची कोष्टकं पुरतात. मात्र तीच कोष्टकं हजारो किलोमीटरांचं अंतर चोख सांगतात आणि पेठ-नाशिकचं विचारलं की गप्प बसतात. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आज पाहू. जवळ कागद-पेन्सिल असेल तर बरं.

आधी सरळ अंतर म्हणजे काय ते ठरवू. एक मोसंबं घ्या, त्यावर दोन टाचण्या टोचा आणि दोघींमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तीच वाट पुढे वाढवत मोसंब्याभोवती नेली, तर त्याचे दोन सारखे भाग होतात. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीवरच्या दोन गावांमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे या बृहद्वृत्ताचा त्या दोघांमधला तुकडा. तो पृथ्वीच्या मध्याशी किती अंशांचा कोन करतो हे कळलं, की काम झालं. कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात.

हा कोन काढायला आपण तिसरा बिंदू मदतीला घेतो, तो म्हणजे उत्तर ध्रुव. पेठ, दुसरं गाव आणि ध्रुव यांचा गोलावर एक त्रिकोण होतो. पेठचा अक्षांश ठाऊक असला की ध्रुवापासूनचं त्याचं अंतर ठाऊक झालं. नव्वदातून वजा केलं की झालं. दुसऱ्या गावाचंही तसंच. आणि ध्रुवापाशी या दोन बाजूंमध्ये जो कोन होतो, तो म्हणजे दोन्ही गावांच्या रेखांशांमधला फरक. दोन बाजू आणि मधला कोन मिळाला, की तिसरी बाजू मिळते. तिचा नियम असा : दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजे हव्या त्या कोनाचा कोसाइन.

आता उदाहरण करू. पेठ सुमारे २० अंश १६ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दुसरं गाव घेऊ लंडनजवळचं ग्रिनिच. तिथूनच रेखांश मोजायची पद्धत आहे, तेव्हा त्याचा रेखांश शून्य. अक्षांश ५१ अंश २९ मिनिटे उत्तर. चार आकडी कोष्टक उघडलं, की पेठच्या अक्षांशाचा साइन ०.३४६४ आणि कोसाइन ०.९३८१ मिळतो. ग्रिनिचचे तेच आकडे ०.७८२४ आणि ०.६२२७. रेखांशांतला फरक ७३ अंश ३० मिनिटे, त्याचा कोसाइन ०.२८४०. पहिला गुणाकार ०.२७१० येतो, दुसरा ०.१६५९. बेरीज ०.४३६९. हा कोणत्या कोनाचा कोसाइन? ६४ अंश ६ मिनिटांचा. त्याला १११.२ ने गुणा. पेठ ते ग्रिनिच सुमारे ७,१२८ किलोमीटर झाले. कोसाइनच्या शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली असती, तरी उत्तर पाऊण किलोमीटरसुद्धा हललं नसतं.

आता तोच नियम, तेच कोष्टक, आणि दुसरं गाव नाशिक. नाशिक सुमारे २० अंश उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व. नाशिकच्या अक्षांशाचा साइन ०.३४२०, कोसाइन ०.९३९७. रेखांशांतला फरक फक्त १७ मिनिटे. त्याचा कोसाइन कोष्टकात १.०००० असा छापलेला असतो. पहिला गुणाकार ०.११८५, दुसरा ०.८८१५. बेरीज बरोब्बर १.००००. आणि कोसाइन एक म्हणजे कोन शून्य! आपल्या गणिताप्रमाणे पेठ आणि नाशिक एकाच जागी आली. बरं, गुणाकार न छाटता सगळे आकडे ठेवून बेरीज केली, तर ती एकाहून किंचित जास्त भरते, आणि एकाहून जास्त कोसाइन असलेला कोनच अस्तित्वात नाही. सात हजार किलोमीटर अचूक सांगणाऱ्या कोष्टकाने बेचाळीस किलोमीटर गिळून टाकले.

नियम खोटा नाही. दोष आहे तो कोसाइनच्या चढ-उताराचा. एखाद्या डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर तुम्ही उभे आहात असं समजा. मधून पंचवीस-तीस पावलं कुठेही चाललात, तरी उंचीत बोटभरही फरक पडत नाही. मग केवळ उंची सांगून, 'मी किती चाललो ते ओळखा', असं कुणी विचारलं तर काय सांगणार? तेच कड्यापाशी गेलात की पावलागणिक उंची बदलते, आणि उंचीवरून जागा नेमकी ओळखता येते. शून्य अंशाजवळ कोसाइनचं असंच पठार आहे. शून्य अंशाचा कोसाइन एक. अर्ध्या अंशाचाही चार स्थळांपर्यंत एकच. जवळजवळ चौतीस मिनिटांपर्यंत कोष्टक १.०००० च सांगत राहतं. चौतीस मिनिटे म्हणजे त्रेसष्ट किलोमीटर. तेव्हा पेठच्या भोवती त्रेसष्ट किलोमीटरांच्या घेऱ्यातलं प्रत्येक गाव या कोष्टकाला पेठच वाटतं.

मग जास्त आकड्यांचं कोष्टक घ्यावं का? पाच आकडी घेतलं, तर पेठ-नाशिकचा कोसाइन ०.९९९९८ असा येतो आणि अंतर ४० किलोमीटर निघतं. पण शेवटचा ८ चुकून ७ झाला, की तेच अंतर ४९ होतं. एका आकड्यात नऊ किलोमीटर! सात आकडी कोष्टकानेही पठार संपत नाही, लहान मात्र होतं. त्यात दोन किलोमीटरांच्या आतली सगळी अंतरं शून्य होतात, आणि त्यापुढची पहिली पायरी एकदम पावणेतीन किलोमीटरांहून थोडी वर असते.

ही गोष्ट पेठसारख्या तालुक्यात नुसत्या कोष्टकापुरती राहत नाही. इथली वस्ती पाड्यांत विखुरलेली. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं शिक्षणहक्काच्या नियमांत म्हटलं आहे. पाड्याचे आणि शाळेचे अक्षांश-रेखांश घेऊन कुणी सात स्थळांवर हा हिशोब केला, तर दीड किलोमीटरवरची शाळा पाड्याच्या दारातच आहे, असं उत्तर येईल. आजची बहुतेक यंत्रं पंधरा-सोळा आकड्यांनी हिशोब करतात, त्यामुळे तिथे पठार वितीएवढं उरतं. पण सात आकड्यांवर भागवणारं लहान यंत्र असलं, की खोड पुन्हा डोकं वर काढते.

उपाय मात्र जुना आहे, आणि त्याचं बीज आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांत आहे. साइनला आपल्याकडे ज्या म्हणतात, म्हणजे धनुष्याची दोरी. कोसाइन ती कोज्या. एकातून कोसाइन वजा केला की जे उरतं त्याला उत्क्रमज्या हे नाव आहे, आणि शर असंही म्हणतात. धनुष्याची दोरी आणि त्याची कमान यांच्यामध्ये बाण जेवढा राहतो, तेवढी ती लांबी. सूर्यसिद्धान्तात ज्यांच्या जोडीला उत्क्रमज्याही दिलेल्या आहेत. या उत्क्रमज्येचं अर्ध म्हणजे अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग. इंग्रज नाविकांसाठी जेम्स इनमन याने १८३५ साली आपल्या कोष्टकांत या अर्ध्या उत्क्रमज्येला हॅवरसाइन हे नाव दिलं, आणि दर्यावर्दी लोक पुढे तिच्यावरच अंतरं काढू लागले.

यातली खुबी एवढीच, की एकाला चिकटलेल्या मोठ्या संख्येऐवजी ती एकापासून किती कमी आहे, तेवढाच लहान फरक आपण थेट हातात घेतो. साइनला शून्यापाशी पठार नसतं; तिथे तो कोनाबरोबर सरळ चढत जातो. करून पाहा. अक्षांशांतला फरक १६ मिनिटे, त्याचा अर्धा ८; चार आकडी कोष्टकात साइन ०.००२३, वर्ग ०.००००० ५२९. रेखांशांतला फरक १७, अर्धा साडेआठ, साइन ०.००२५, वर्ग ०.००००० ६२५. या दुसऱ्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांनी, म्हणजे ०.८८१५ ने गुणलं की ०.००००० ५५१. बेरीज ०.००००१ ०८०. तिचं वर्गमूळ ०.००३२८६, हा झाला अर्ध्या कोनाचा साइन. इतक्या लहान कोनाचा साइन आणि त्रिज्येच्या पटीत मोजलेला कोन यांत फरक नसतो. म्हणून दुप्पट करा, ६,३७१ ने गुणा : ४१.९ किलोमीटर. कोष्टक तेच, चारच आकड्यांचं! आकडा इतका नेमका जुळला यात थोडा नशिबाचा भाग आहे. एखाद-दुसऱ्या टक्क्याची चूक राहू शकली असती. पण सगळं अंतरच नाहीसं झालं नसतं.

पडताळाही सोपा आहे. १६ मिनिटे म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २९.७ किलोमीटर. १७ मिनिटांना त्या अक्षांशाच्या कोसाइनने आखडून पूर्व-पश्चिम २९.६. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा, पुन्हा ४१.९ च. हॅवरसाइनलाही पठार आहे, पण ते गोलाच्या अगदी पलीकडच्या टोकाला. पेठच्या बरोबर खाली ते टोक पॅसिफिक महासागरात येतं. तिथे मोजायला जाण्याची पाळी सहसा येत नाही.

तेव्हा खूणगाठ अशी बांधा : कोसाइनचं उत्तर ०.९९९ ने सुरू झालं, की त्यावर विसंबू नका. हॅवरसाइनने पुन्हा काढा. आणि उत्तर आलं तरी त्याच्या मर्यादा ओळखा. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. अक्षांश पूर्ण मिनिटांत दिला, तर जागाच एक किलोमीटरभर इकडे-तिकडे असू शकते. पाडा आणि शाळा यांच्यासाठी सेकंदांपर्यंत मोजायला हवं, कारण एक सेकंद म्हणजे एकतीस मीटर. शिवाय हे अंतर आकाशमार्गाचं आहे. मधे नदी आडवी आली तर मुलाला ती ओलांडावी लागते, आणि पावसाळ्यात पूल गाठायला वळसा घालावा लागतो. तो वळसा कोणत्याही कोष्टकात नाही. तो पायांनीच मोजावा लागतो.