नोकरीच्या जाहिरातींची चाळणी

म्हैसूर शहरात कुक्करहळ्ळी तलावापासून जवळच सरस्वतीपुरम नावाची जुनी, शांत वसाहत आहे. अशा वसाहतीत राहणारी एक मराठी पदवीधर युवती कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. तिने सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केले आहे. वडील आजारी असल्यामुळे तिला गाव सोडता येत नाही आणि वर्षाला 3 लाख रुपयांपेक्षा कमी वेतनात घर चालत नाही. तिची मागणी तीन शब्दांत सांगता येते : प्रयोगशाळा, म्हैसूर, 3 लाख. परंतु ही मागणी यंत्राला सांगावयाची म्हटली, की प्रत्येक शब्दाच्या पोटातून नव्या अडचणी बाहेर पडतात.

जाहिराती शोधून जुळवून देण्याचे काम नवे नाही. 1959 च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले, तेव्हा त्या कार्यालयातला कारकून उमेदवारांची कार्डे हाती घेऊन हेच काम करीत असे. आता जाहिराती महाजालावर प्रसिद्ध होतात आणि कारकुनाच्या जागी एक लहानसा प्रोग्रॅम बसविता येतो. फरक एवढाच, की कारकुनाला म्हैसूर कोठे आहे हे ठाऊक असे. प्रोग्रॅमला ते सांगावे लागते.

या प्रोग्रॅमकडे जाहिराती दोन वाटांनी येतात. पहिली वाट फीडची. फीड म्हणजे संकेतस्थळाने स्वतः ठेवलेली ताज्या नोंदींची यादी. तीत प्रत्येक जाहिरातीचे शीर्षक, दुवा, प्रसिद्धीची वेळ आणि बहुधा `guid` नावाची ओळखखूण असते. दुसरी वाट सार्वजनिक एपीआयची. येथे आपण प्रश्न विचारावयाचा आणि संकेतस्थळाने ठराविक साच्यात उत्तर द्यावयाचे. अॅडझुना ही जाहिराती एकत्र करणारी संस्था भारतासाठी असा एपीआय चालविते. नोंदणी केल्यावर मिळणाऱ्या दोन किल्ल्या घालून त्या युवतीचा प्रश्न पुढीलप्रमाणे विचारता येईल :

```
https://api.adzuna.com/v1/api/jobs/in/search/1
  ?app_id=ID&app_key=KEY
  &what_or=microbiologist%20laboratory%20lab%20quality
  &where=Mysore&distance=30
  &max_days_old=3&sort_by=date&results_per_page=50
```

या प्रश्नात वेतनाची अट मुद्दामच घातलेली नाही. दूरच्या यंत्राकडे सैल प्रश्न पाठवावा आणि बारीक चाळणी आपल्या घरी करावी. कारण तेथे गाळलेली जाहिरात आपल्याला कधीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यातली चूक शोधता येत नाही.

आता घरच्या चाळणीकडे वळू. समजा, एका सकाळी फीड आणि एपीआय यांतून आलेल्या नोंदींत पुढील चार जाहिराती आहेत. पहिली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची, ठिकाण `Mysuru`, वेतन 25,000 ते 30,000. दुसरी विक्री प्रतिनिधीची, ठिकाण `Mysore`, आणि मजकुरात `training available` असे शब्द. तिसरी प्रयोगशाळा तंत्रज्ञाची, ठिकाण `Hebbal`, वेतन 3,60,000. चौथी गुणवत्ता नियंत्रण अधिकाऱ्याची, ठिकाण `Nanjangud`, वेतनाचा उल्लेख नाही. माणसाच्या नजरेला पहिली आणि चौथी उपयोगाची दिसेल. दुसरी निरुपयोगी, आणि तिसरीबद्दल चौकशी करावी लागेल.

भाबडा प्रोग्रॅम याच्या जवळजवळ उलट निवड करतो. शब्दापासून आरंभ करू. त्याला `lab` ही तीन अक्षरे शोधावयास सांगितली, तर ती त्याला `available` या शब्दात सापडतात, `collaborate` मध्ये सापडतात आणि `labour` मध्येही सापडतात. इंग्रजी जाहिरातीत यांपैकी एखादा शब्द नसणे विरळाच. म्हणून विक्री प्रतिनिधीची जागा प्रयोगशाळेची ठरून चाळणीतून खाली उतरते. उपाय असा, की पूर्ण शब्द शोधावा. शब्दाच्या दोन्ही कडा दाखविणारी `\blab\b` ही खूण त्यासाठीच आहे. परंतु या खुणेने `laboratory` हा शब्दही वगळला जातो, म्हणून तो वेगळा लिहावा लागतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे शीर्षक आणि मजकूर यांना वेगवेगळे वजन देणे : शब्द शीर्षकात आला तर जाहिरात घ्यावी, केवळ मजकुरात आला तर ती पाहण्यासाठी बाजूला ठेवावी.

स्थळाची अडचण याहून खोल आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून म्हैसूरचे अधिकृत इंग्रजी लेखन `Mysuru` झाले. पण जाहिरात लिहिणाऱ्यांच्या बोटांतून `Mysore` गेले नाही. दोन्ही रूपे स्वीकारली नाहीत, तर जाहिरातींचा एक मोठा भाग हरवतो. सरस्वतीपुरमचीही तीच कथा. मराठी माणूस हे नाव रोमन लिपीत `Saraswatipuram` असे लिहील. कन्नड रीतीने लिहिणारा `त` साठी `th` घालून `Saraswathipuram` लिहितो. एका `h` मुळे घराशेजारची जागा दृष्टिआड होऊ शकते. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे लेखन एकाच साच्यात आणावे : सर्व अक्षरे लहान करावीत, `th` चे `t` करावे, आणि नावांच्या पर्यायांची छोटी सूची ठेवावी.

हेब्बाळ या नावात उलटा धोका आहे. हेब्बाळ म्हैसुरात आहे, तेथे औद्योगिक वसाहतही आहे. आणि हेब्बाळ बेंगळुरातही आहे. केवळ या नावावर विसंबले, तर त्या युवतीला सुमारे दीडशे किलोमीटर दूरच्या नोकरीचा निरोप येईल. ज्या नावाची दोन गावे असतात, ते नाव एकटे कधीही पुरेसे मानू नये. त्याच नोंदीत शहराचे नाव किंवा पिनकोड असेल तरच निर्णय करावा. नंजनगूडचे उदाहरण पुन्हा निराळे. हे गाव म्हैसूरपासून सुमारे 25 किलोमीटरांवर आहे, तेथे कारखाने आहेत आणि रेल्वेही जाते. रोज जाऊन येण्यास ते योग्यच आहे. परंतु ‘म्हैसूर’ हा शब्द शोधणाऱ्या चाळणीला ते दिसत नाही. वरील प्रश्नातील `distance=30` हा आकडा त्यासाठीच घातला आहे. फीडमध्ये अंतराची सोय नसते. तेथे जवळच्या गावांची नावे स्वतः लिहून द्यावी लागतात.

उरले वेतन. पहिल्या जाहिरातीतील 25,000 ते 30,000 हे उघडच मासिक आहे. प्रोग्रॅमने ते वार्षिक मानून 3 लाखांशी ताडले, तर सर्वांत योग्य जागा पहिल्याच क्षणी बाद होईल. म्हणून 1 लाखाखालचा आकडा मासिक समजून त्यास 12 ने गुणावे, असा नियम करता येतो : 25,000 चे 3,00,000 आणि 30,000 चे 3,60,000 होतात. तुलना करताना पल्ल्याचा वरचा आकडा घ्यावा, कारण खालच्या आकड्यावरून नकार दिला तर बोलणी करण्याची संधीच उरत नाही. शिवाय जाहिरातीतील आकडा पुष्कळदा सीटीसीचा असतो. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्साही धरलेला असतो, म्हणजे हाती येणारी रक्कम त्याहून कमी. आणखी एक सावधगिरी हवी. अॅडझुनाच्या उत्तरात `salary_is_predicted` असे एक घर असते. त्यात 1 असेल, तर तो आकडा मालकाने दिलेला नसून यंत्राने अंदाजिलेला आहे. अंदाजावरून जागा पहावी, पण नाकारू नये.

आणि जेथे वेतन दिलेलेच नाही, तेथे? संगणकाच्या दृष्टीने रिकामे घर आणि शून्य यांत घोटाळा सहज होतो. शून्य 3 लाखांपेक्षा कमी, म्हणून नंजनगूडची जागा बाद! असे होऊ नये यासाठी चाळणीला दोन नव्हे, तीन कप्पे असावेत : ‘कळवावे’, ‘पहावे’ आणि ‘टाकावे’. माहितीच नसलेली जागा मधल्या कप्प्यात जावी. या रीतीने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची जागा पहिल्या कप्प्यात, नंजनगूड आणि हेब्बाळ मधल्या कप्प्यात आणि विक्री प्रतिनिधी तिसऱ्या कप्प्यात पडतो. युवतीला रोज पन्नास जाहिरातींऐवजी तीन वाचाव्या लागतात.

तीच जाहिरात पुनःपुन्हा कळू नये म्हणून पाहिलेल्या नोंदींच्या ओळखखुणांची वही ठेवावी लागते. परंतु एकच जागा दोन संस्थांमार्फत आली, की खुणा दोन होतात; म्हणून मालक, शीर्षक आणि स्थळ यांची जोड हीदेखील खूण मानावी. या वहीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. फीडमध्ये फक्त शेवटच्या काही नोंदी राहतात. समजा, त्यात 20 नोंदींना जागा आहे आणि दिवसाला 60 येतात. प्रोग्रॅम दिवसातून एकदाच धावला, तर 40 नोंदी आल्या आणि गेल्या. कोणालाही पत्ता नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. नव्याने आणलेल्या यादीत वहीतली एकही जुनी नोंद आढळली नाही, तर मध्ये खंड पडला असे समजावे आणि फेऱ्या वाढवाव्यात. वरील उदाहरणात आठ तासांनी एक फेरी जेमतेम पुरेल, सहा तासांची अधिक सुरक्षित. मिनिटामिनिटाला विचारणेही योग्य नव्हे; त्याने दुसऱ्याच्या यंत्रावर भार पडतो आणि किल्ली रद्द होण्याचा संभव असतो.

सर्वांत फसवा प्रसंग मात्र शांततेचा. चार दिवस एकही निरोप आला नाही, याचे दोन अर्थ संभवतात : योग्य जागाच निघाल्या नाहीत, किंवा किल्ली बाद झाली, फीडचा पत्ता बदलला आणि प्रोग्रॅम मुकाट्याने रिकामे हात घेऊन परत येत आहे. दोन्ही शांतता बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून रोज एक ओळीचा जबाब यावा : किती नोंदी आल्या, किती कोणत्या कप्प्यात गेल्या. ‘48 आल्या, 0 कळवाव्या’ ही निराशा आहे. ‘0 आल्या’ हा बिघाड आहे. निराशेवर उपाय धीर धरण्याचा, बिघाडावर उपाय लगेच दुरुस्तीचा. आणि अर्जाची मुदत या दोहोंतला फरक पाहत थांबत नाही.

अखेर हेही ध्यानी ठेवावे, की यादीत जे येते तेवढेच चाळता येते. 1950 साली म्हैसुरात स्थापन झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था या युवतीच्या विषयाची. पण अशा सरकारी संस्थांच्या भरतीच्या सूचना त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि बहुधा छापील पानांच्या रूपात येतात. जाहिराती गोळा करणाऱ्याच्या यादीत त्या येतीलच असे नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही. यंत्राने पन्नासांच्या तीन केल्या, म्हणूनच या एका फेरीला तिच्यापाशी वेळ उरतो.