रीलची पहिली ओळ

रील बघताना कॅप्शनची जेमतेम पहिली ओळ दिसते, बाकीचं more च्या मागे दडतं. तिथे ‘उन्हाळा आला, कूल व्हा’ लिहिलं, तर ते कुठल्याही कॅफेचं वाटतं.

समजा, कोथरूडमध्ये सहा टेबलांचं कॅफे आहे. तिथे कोल्ड कॉफीत साधा बर्फ नाही, कॉफीच ट्रेमध्ये गोठवून तिचे क्यूब घालतात. मग ओळ अशी: ‘क्यूब वितळले तरी पाणचट होत नाही. कोथरूड, ९० रुपये.’ चव, जागा, किंमत, तिन्ही आल्या. पूर्ण पत्ता आणि वेळ खाली. व्हिडिओत मात्र ते क्यूब ग्लासात पडताना दिसायलाच हवेत.

आणि कमेंटमध्ये लोक ‘कुठे आहे? कितीला?’ विचारत राहिले, तर पहिली ओळ बदला.