नवस आणि त्याचा बदल
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



नवस बोलल्यावर परिस्थिती बदलली तर काय करावे? आपल्या सप्तशृंगी गडाचेच पाहा. २०१६ च्या दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी मानवंदनेच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली, भाविक जखमी झाले आणि २०१७ पासून गडावर बळी बंद झाला.

आमच्या एका नातलगाने मुलाच्या दुखण्यात बोकड बोलला होता. बंदी उठेल म्हणून तो दोन वर्षे थांबला. मनाला घोर लागला, तेव्हा त्याने पुजाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "देवीपुढे अडचण सांगून क्षमा मागा. संकल्प करून बोकडाऐवजी कोहळा फोडा, पुरणाचा नैवेद्य दाखवा. बोकडाचे पैसे मात्र घरी ठेवू नका, अन्नदानाला द्या." त्याने तसे केले.

२०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटींवर बळीला परवानगी दिली. आता पुन्हा बोकड द्यावा काय? पुजारी म्हणाले, "नको. संकल्प करून बदल केला, तेव्हाच नवस फिटला."

सबब, बदल अडचणीपोटी असावा, पैसे वाचवण्यासाठी नसावा.